३एक्सवर काढलेला फोटो दिवसा झकास, पहाटे रंग कालवल्यासारखा. लेन्स बिघडली आहे का?

सांजवात
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी नवा फोन घेतला. मागे तीन कॅमेरे आहेत. एक मेन, एक वाईड (०.६ लिहिलेला) आणि एक ३एक्स टेलिफोटो. टेलिफोटोसाठीच जास्तीचे पैसे मोजले होते, कारण आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्याच्या फार जवळ जाता येत नाही.

कार्तिकात काकड आरतीला गेले. सभामंडपातून गाभारा साधारण १५-१६ फुटांवर. आत दोन समया आणि गुरुजींच्या हातातली आरती, एवढाच उजेड. ३एक्स दाबून सात-आठ फोटो काढले. घरी येऊन पाहते तर देवाचा चेहरा म्हणजे ओल्या कागदावर जलरंग फुटावा तसा. डोळे कुठे, मुकुट कुठे, कळेना. त्याच दिवशी ९ वाजता, ऊन आल्यावर, त्याच ३एक्सने कळसाचा फोटो काढला तर त्यावरची चिमणीसुद्धा मोजून घ्यावी इतका स्वच्छ.

दुकानात नेला. त्यांनी दुकानातल्याच झगझगीत दिव्याखाली दोन फोटो काढले आणि 'लेन्स एकदम ओके आहे मॅडम' म्हणून परत दिला. आता मला सांगा, लेन्स खरंच ओके आहे का? आणि कुठल्या फोटोला कुठली लेन्स वापरायची, याचं काही गणित असतं का?

चकलीचा_सोऱ्या
धाग्याचं नाव अर्धंच वाचलं. म्हटलं चष्म्याची लेन्स पहाटे धूसर दिसतेय, मोतीबिंदू तपासून घ्या असं लिहायला आलो होतो. 😄

घाटवाट
ताई, पहाटे हात हलला असेल. थंडी होती का?

सांजवात
@घाटवाट, थंडी होती, पण हात हलला तर सगळं एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं ना? हे तसं नाही. समईची कड बऱ्यापैकी जागेवर आहे, फक्त आतलं सगळं लेपून टाकल्यासारखं आहे.

पुणेरी_पिक्सेल
टेलिफोटो हा निव्वळ विक्रीचा फंडा आहे. माझा मेन कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, टेलि फक्त १०चा. मी सगळं १एक्सवर काढतो आणि घरी बसून हवं तेवढं कापतो. पाचपट जास्त पिक्सेल असताना त्या बारक्या लेन्सच्या नादी कशाला लागायचं? सुज्ञास सांगणे न लगे.

स्टुडिओवाले_तात्या
सांजवातताई, तुमची लेन्स शाबूत आहे. माझा अंदाज असा की पहाटेचे ते फोटो टेलिफोटोने काढलेलेच नाहीत. तुम्ही ३एक्स दाबलंत, पण फोनने गुपचूप मेन कॅमेरा वापरला, मधला तुकडा कापला आणि फुगवून दिला.

खात्री करून घ्या. गॅलरीत पहाटेचा फोटो उघडून वर सरकवा, खाली तपशील येतो. त्यात F च्या पुढचा आकडा बघा. मग कळसाच्या फोटोचा तोच आकडा बघा. दोन्ही वेगळे असतील तर चोर सापडला.

सांजवात
तात्या!! कळस F2.4. पहाटेचे सगळेच्या सगळे F1.8. आणि देवळाबाहेर १एक्सवर काढलेला दीपमाळेचा फोटो, तोही F1.8. म्हणजे दाबलं ३ आणि चालला १? ही फसवणूक नाही का?

चकलीचा_सोऱ्या
हॉटेलात हापूसचा आमरस मागवावा आणि डब्यातला यावा, तसं झालं.

पुणेरी_पिक्सेल
बघा, म्हणजे फोनलाही माझंच म्हणणं पटलेलं दिसतंय. मेन कॅमेराच श्रेष्ठ.

स्टुडिओवाले_तात्या
@पुणेरी_पिक्सेल, अंधारापुरतं तुमचं बरोबर आहे, उन्हात नाही. का ते सांगतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पाऊस पडतोय आणि अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली आहे असं समजा. पाऊस म्हणजे उजेड. परात म्हणजे मेन कॅमेऱ्याचा सेन्सर, वाटी म्हणजे टेलिचा. तुमच्या फोनसारख्या ५० आणि १० मेगापिक्सेलच्या जोडीत परातीचं क्षेत्रफळ वाटीच्या साधारण साडेसहापट भरतं. शिवाय मेनची लेन्स F1.8, टेलिची F2.4. हा आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी, आणि या दोन आकड्यांत पावणेदोन पटीहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणजे पूर्ण फोटोला मेनमध्ये टेलिच्या सुमारे ११ पट उजेड मिळतो.

आता गंमत इथे आहे. मेनमधून ३एक्सचा तुकडा कापला, तर रुंदीचा तिसरा आणि उंचीचा तिसरा हिस्सा उरतो. म्हणजे परातीचा फक्त नववा भाग. ११ भागिले ९ केलं की हिशेब येतो सव्वापटीच्या आसपास. अंधारात मेनचा तो कापलेला तुकडासुद्धा टेलिपेक्षा थोडा जास्तच उजेड गोळा करतो, आणि बऱ्याच फोनांत मेनचं हात सावरायचं यंत्रही जास्त चांगलं असतं. म्हणून फोन म्हणतो, टेलि राहू दे. त्याच्या दृष्टीने तो लबाडी करत नाही.

पण उजेड मिळाला म्हणून बारकावा मिळतोच असं नाही. ५० मेगापिक्सेलचा नववा भाग म्हणजे साडेपाच. तोही भर उन्हातला हिशेब. अंधारात फोन चार-चार पिक्सेल जोडून एक करतो, म्हणजे ५० चे साडेबारा होतात आणि त्याचा नववा भाग १.४ मेगापिक्सेल. एवढ्याशा ऐवजाला फुगवून पूर्ण आकाराचा फोटो बनवायचा आणि वरून दाणे पुसायचे. ताईंना दिसलेला जलरंग तो हाच. उन्हात मात्र टेलिचे १० खरे पिक्सेल कापलेल्या साडेपाचांना सहज मागे टाकतात. कळसावरची चिमणी त्यामुळे दिसली.

मीरा_के
तात्या, इतकं समजेल असं कोणी सांगितलं नव्हतं. पण एक शंका. काही फोनांत ही तपशीलाची पाटी नीट दिसत नाही. मग कसं ओळखायचं?

स्टुडिओवाले_तात्या
बोटाने. कॅमेरा चालू करून ३ दाबा आणि मागच्या एकेका लेन्सवर बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, ती चालू आहे. आधी खिडकीपाशी करा, मग दिवा मालवून तेच करा. चालू लेन्स बदललेली दिसेल. फक्त बोट ठेवल्यावर एक-दोन सेकंदांतच बघा. बोटामुळे झालेला अंधार पाहूनही काही फोन लेन्स बदलतात आणि मग आपण बुचकळ्यात पडतो.

भजनी_बाळासाहेब
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या भजनी मंडळाचा फोटो पुतण्याने त्या ०.६ ने काढला. आम्ही १४ जण एका रांगेत. मधला पखवाजवाला अगदी राजबिंडा दिसतोय आणि डाव्या टोकाला पेटीपाशी मी, तर माझं डोकं कलिंगडाएवढं. माझं वजन ६२ किलो आहे हो. फोटो मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय आणि सगळे विचारतात, बाळासाहेब, दिवाळी अंगी लागली का.

चकलीचा_सोऱ्या
काका, फोटो आडवा धरून बघा, उंच दिसाल. 🙏

घाटवाट
अल्ट्रावाईड स्वस्तातली लेन्स असते, म्हणून असं होतं. महागड्या फोनमध्ये होत नाही.

स्टुडिओवाले_तात्या
@घाटवाट, नाही हो. लाखाच्या फोनमध्येही बाळासाहेबांचं कलिंगडच होईल. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा केला की ग्रीनलंड जसं अवाढव्य दिसतं, तसं हे. रुंद दृश्य सपाट चौकटीत बसवताना सरळ रेषा सरळ ठेवायच्या असतील, तर कडेच्या वस्तू ताणाव्याच लागतात. ०.६ वर अगदी टोकाचं डोकं उंचीच्या मानाने सुमारे दीडपटीहून जास्त रुंद येतं. तेच मेनवर टोकाला सव्वापटीच्या आत राहतं. काही फोनांत कडेचे चेहरे सरळ करायची सोय सेटिंगमध्ये असते. तिने चेहरा सुधारतो, पण मागची भिंत किंवा खांब कधी कधी वाकतो.

पुतण्याला सांगा, चार पावलं मागे जा आणि १एक्स वापर. मागे भिंत असेल तर रांग सरळ न करता अर्धगोल करा, टोकाची माणसं पुढे न आणता मागे घ्या आणि दोन्ही बाजूंना थोडी रिकामी जागा सोडा. टोकाला माणसाऐवजी खांब ताणला गेला तर खांब तक्रार करत नाही.

भजनी_बाळासाहेब
अर्धगोल केला तर पेटी मध्ये घेता येईल. हे पटलं.

मीरा_के
अल्ट्रावाईडबद्दल माझाही अनुभव. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्याच्याशिवाय पर्याय नाही, अख्खी कड्याची वाटी एका चौकटीत येते. पण संध्याकाळी तंबूपाशी त्याच लेन्सने काढलेले फोटो सगळे दाणेदार. बाजूच्याने त्याच वेळी मेनने काढलेले नितळ. म्हणजे तिथेही परात-वाटीच का?

स्टुडिओवाले_तात्या
तेच. अल्ट्रावाईडला वाटी नाही, ताटली म्हणू. मेनच्या साधारण चौथाई उजेड. आणि इथे फोनला पळवाटही नाही, कारण मेनमधून तुकडा कापून अरुंद दृश्य मिळतं, रुंद मिळत नाही. म्हणून सूर्य मावळला की मी ०.६ बंद करतो. फारच हवं असेल तर फोन दगडावर टेकवून नाइट मोड.

कासचीफुलं
माझी केस उलटी आहे. मला छोटी फुलं टिपायला आवडतात. एक वर्ष मी समजत होते की जवळच्या फोटोला टेलिफोटो लागते. ३एक्स दाबून सीतेच्या आसवांपाशी फोन नेला की कधी फोकसच होत नव्हता, कधी चित्र टुणकन उडी मारून बदलायचं. नंतर कळलं की माझ्या टेलिला दोन-अडीच फुटांच्या आत दिसतच नाही. फार जवळ गेलं की तीही मेनला बोलावते.

आणि अजून जवळ गेलं की पडद्यावर फुलाची खूण येते. तेव्हा चक्क अल्ट्रावाईड चालू होते! जी लेन्स कोकणकड्यासाठी, तीच मुंगीसाठी. तोटा एवढाच की इतकं जवळ जावं लागतं की फोनचीच सावली फुलावर पडते. आता मी दोन पर्याय ठेवते. फूल उन्हात असेल तर अडीच-तीन फूट मागे सरकून टेलि, मागचं सगळं छान विरघळतं. फूल बोटाच्या पेराएवढं असेल तर ती खूण चालू, आणि सूर्य बाजूने येईल असं बसायचं.

सुलू_ताई
टेलिफोटोचं नाव निघालंय तर विचारते. यंदा भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणार आहोत. ३एक्सने येतील का?

घाटवाट
येतील की. गुलाबी ठिपके म्हणून.

मीरा_के
@सुलू_ताई, नावेतून जाता तेव्हा पक्षी बरेच लांब असतात. ३एक्सवर एकटा पक्षी नाही, पण अख्खा थवा आणि पाणी छान येतं. नाव हलत असते, पण सकाळचा भरपूर उजेड असल्यामुळे टेलिच चालेल, फोन बदलणार नाही. झूम १०, २० वर ओढत नेऊ नका. ३ वर काढून घरी थोडं कापा.

पुणेरी_पिक्सेल
तात्यांचं गणित मान्य. उन्हात टेलि, अंधारात मेन. पण एक गोष्ट माझ्याकडून. चेहऱ्याच्या फोटोला मेन वापरू नका, कारण मेन लेन्स नाक मोठं करते. टेलि नाक लहान करते. हे तरी बरोबर ना?

स्टुडिओवाले_तात्या
निष्कर्ष बरोबर, कारण चूक. नाक लेन्स मोठं करत नाही, अंतर करतं. १एक्सवर चेहरा चौकटभर यावा म्हणून तुम्ही दीड फुटावर जाता. तिथे कानाच्या मानाने नाक खूपच जवळ पडतं, म्हणून फुगतं. ३एक्सवर तेवढाच चेहरा भरायला साडेचार फुटांवर जावं लागतं, मग नाक आणि कान यांच्या अंतरात फारसा फरक उरत नाही. साडेचार फुटांवर उभं राहून १एक्सने काढा आणि कापा, नाक टेलिइतकंच येईल. फक्त पिक्सेल कमी पडतील. बायकोवर प्रयोग करू नका, मी केला होता.

चकलीचा_सोऱ्या
तात्या, प्रयोगाचा निकाल धाग्यावर टाका.

स्टुडिओवाले_तात्या
निकाल असा की त्या दिवशी स्वयंपाक मी केला.

देवगडकर
एक व्यवहारातली गोष्ट राहिली. १ आणि ३ च्या मधलं काय? मला सवय आहे दोन बोटांनी झूम ओढायची. २.८ वर काढलेले फोटो ३ पेक्षा इतके वाईट का येतात, हे कोडं होतं. आता समजलं. २.८ पर्यंत मेनचाच तुकडा आणि ३ ला एकदम खरी टेलि! म्हणजे २.८ ही सगळ्यात वाईट जागा. आता मी ०.६, १ आणि ३ ही बटणंच दाबतो आणि बाकी पायांनी पुढेमागे होतो.

स्टुडिओवाले_तात्या
अगदी. २एक्स मात्र वाईट नाही. ५० मेगापिक्सेलच्या मेनचा मधला चौथा भाग साडेबारा मेगापिक्सेल भरतो, त्यामुळे चांगल्या उजेडात बरेच फोन २एक्सला तो न फुगवता देतात. घरात बारसं, वाढदिवस असेल तर मी २एक्स वापरतो, ३ नाही. तसंच ०.९ ची जागा. ती अल्ट्रावाईड फुगवून येते, तिथे सरळ १ वर या.

सांजवात
मंडळी, काल परत पहाटे देवळात गेले. घरून ठरवून. आता अहवाल.

आधी बोटाची परीक्षा. सभामंडपात ३ दाबलं, टेलिवर बोट ठेवलं, पडद्याला काही फरक नाही. मेनवर ठेवलं, काळोख. म्हणजे तात्यांचं बरोबर.

मग प्रो मोड. माझ्या फोनमध्ये त्यात टेलि वेगळी निवडता येते आणि ती मग बदलत नाही. खांबाला कोपर टेकवून काढला. तपशिलात F2.4 आला! पण फोटो गव्हाच्या पिठासारखा दाणेदार, आणि गुरुजींचा आरतीचा हात म्हणजे नुसता प्रकाशाचा पट्टा. देव मात्र स्थिर, त्याच्या मुकुटाच्या कडा पहिल्यांदाच दिसल्या.

तिसरा फोटो १एक्सवर. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले उंबऱ्यापर्यंत या, आत येऊ नका. उंबऱ्यापासून देव जेमतेम सहा फूट. १एक्स, झूम नाही. समया, आरतीचा धूर, गुरुजींचा हात, सगळं जागच्या जागी. देव चौकटीत लहान आलाय, पण डोळे दिसतात.

आता आमच्या घरात दोन तट पडलेत. मला उंबऱ्यावरचा आवडतो. सासूबाईंना तो दाणेदार प्रो मोडवाला हवा, कारण त्यात देव मोठा दिसतो आणि 'जुन्या फोटोसारखा वाटतो'. कोणता फ्रेम करावा?

स्टुडिओवाले_तात्या
फ्रेम केवढी?

सांजवात
पोस्टकार्डाएवढी, देवघरात ठेवायला.

स्टुडिओवाले_तात्या
एवढ्या लहान छपाईत दाणे जवळपास दिसत नाहीत. मग सासूबाईंचा. दाणे हातोहात पुसायला जाऊ नका, पुसले की परत तोच जलरंग. फोनने आपणहून पुसलेले नसतील तर.

पुणेरी_पिक्सेल
मी उंबऱ्यावरच्याच्या बाजूने. देव मोठा हवा तर त्यातूनच कापा, पोस्टकार्डाला पुरेल. सहा फुटांवरून कापणं आणि सोळा फुटांवरून कापणं यात फरक आहे, हे आता मलाही कळतं.

स्टुडिओवाले_तात्या
@पुणेरी_पिक्सेल, हे मात्र बिनचूक.

सांजवात
दोन्ही छापून आणते आणि सासूबाईंना न सांगता शेजारी शेजारी ठेवते.

सुलू_ताई
मीरा, भिगवणला पक्षी जवळ यावेत म्हणून नाववाल्याला काही सांगता येतं का?

घाटवाट
नाववाल्याने जवळ नेली तर ते उडतील. मग उडणाऱ्या फ्लेमिंगोंसाठी नवा धागा काढा.